तुम्ही विचारलंत म्हणून: इंजेक्टर क्लीनरच्या बाटलीबद्दल

"पेट्रोलच्या टाकीत ओतायची ती इंजेक्टर क्लीनरची बाटली खरंच काही काम करते का, का नुसते पैसे पाण्यात?"

काम करते, पण फक्त तिथेच जिथे पेट्रोल द्रवरूपात जाऊन लागतं, आणि तेही गाडीचा त्रास खरोखर घाणीचा असेल तर. या दोन अटींतली एक जरी बसत नसेल तर बाटली कितीही भारी घ्या, फरक पडणार नाही.

आधी ती घाण बसते कशी ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बऱ्याच जणांना वाटतं की घाण पेट्रोलमधून येते आणि इंजेक्टरच्या भोकात अडकते. तसा कचरा असतोच, पण तो बहुतेक फिल्टरमध्ये थांबतो. इंजेक्टरच्या टोकावर जो चिवट तपकिरी थर बसतो तो गाडी बंद केल्यावर बसतो. इंजिन तापलेलं असतं, पेट्रोलचा आणि हवेचा प्रवाह थांबलेला असतो, त्यामुळे टोकाचं तापमान उलट आणखी वाढतं आणि तिथे राहिलेला पेट्रोलचा थेंब उडून जाताना त्यातला जड भाग तिथेच भाजला जातो. दुधाचं पातेलं गॅसवर राहिलं की तळाशी जसं लागतं ना, तसंच. म्हणून रोज चार वेळा दोन-दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचे इंजेक्टर हायवेवर पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर घाण होतात, किलोमीटर कमी झालेले असले तरी.

आता माझ्याच गाडीचं सांगतो. नऊ वर्षं जुनी, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शनची, म्हणजे इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारा मारतो तो प्रकार. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पहिली वीस-तीस सेकंदं गाडी थरथरायची, मग गपचूप नीट चालायची. चेक इंजिनचा दिवा नाही, पिकअप ठीक. स्कॅनर लावला तर तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न पेटता गेलेले ठोके, मोजलेले दिसले, बाकी तीन सिलिंडरचे जवळपास शून्य, आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय तो आकडा, +४ टक्के. आता +४ हा आकडा बघून कोणीही म्हणेल की नॉर्मल आहे, साधारण उणे पाच ते अधिक पाच चालतंच. तिथेच फसायला होतं.

गणित करून बघा. समजा चारपैकी तीन इंजेक्टर बरोबर पेट्रोल सोडतायत आणि एक १५ टक्के कमी सोडतोय. चारऐवजी एकूण ३.८५ भाग पेट्रोल गेलं. ऑक्सिजन सेन्सर चौघांचा एकत्र धूर बघतो, त्याला एकेकटा सिलिंडर दिसत नाही, त्यामुळे ईसीयू, म्हणजे इंजिनचा तोच कॉम्प्युटर, सगळ्यांचंच पेट्रोल साधारण ४ टक्क्यांनी वाढवतो आणि सरासरी जुळवतो. झालं काय, तर चांगले तीन सिलिंडर ४ टक्के जास्त पेट्रोल पितायत आणि आजारी सिलिंडर तरीही जवळपास १२ टक्के कमीवरच चालतोय. गरम इंजिन ते ओढून नेतं, थंड असताना मात्र पेट्रोल नीट वाफ होत नाही आणि नेमका तोच सिलिंडर मिस मारतो. स्कॅनरवर मात्र दिसतं फक्त +४.

तरी लगेच बाटली ओतली नाही, कारण तिसरा सिलिंडर मिस मारतोय याचा अर्थ इंजेक्टरच असं नाही. कॉइल असू शकते, प्लग असू शकतो, कॉम्प्रेशन गेलेलं असू शकतं. तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर, दोघांचे प्लगही अदलाबदल केले, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघितलं. मिसफायर तिसऱ्यावरच. मग कॉम्प्रेशन बघून घेतलं, चारही सारखेच निघाले. हवा कुठून गळत असेल तर ट्रिम आयडलिंगला जास्त आणि अडीच हजार आरपीएमला खाली येतो, माझा दोन्हीकडे सारखाच होता, म्हणजे तेही नाही. राहिला इंजेक्टर.

मग बाटली घेतली, आणि घेताना एकच गोष्ट बघितली की आत पीईए म्हणजे पॉलिइथर अमाइन आहे का. बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो, कंपनीची सेफ्टी डेटा शीट शोधून उघडा आणि घटकांची यादी वाचा. त्यात डिटर्जंट असेल तर अमाइन असा शब्द कुठेतरी येतोच बहुधा. नुसतं केरोसीनसारखं पेट्रोलियम डिस्टिलेट आणि वर थोडं सुगंधी सॉल्व्हंट एवढंच दिसलं तर ती बाटली ठेवून द्या, असलं सॉल्व्हंट पेट्रोलमध्ये आधीच भरपूर आहे, त्याने तो भाजलेला थर सुटला असता तर तो बसलाच नसता. दुसरं एक अमाइन असतं पीआयबीए, ते इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ करतं, पण ज्वलनाच्या जागी ते स्वतःच थर वाढवू शकतं. पीईए तिथली उष्णताही सहन करतं आणि कार्बन काढतं, म्हणून माझी पसंती त्यालाच.

टाकी जवळपास रिकामी असताना बाटली ओतली आणि वर लेबलवर लिहिलं होतं तेवढंच पेट्रोल भरलं, म्हणजे नीट मिसळतं. आणि मग ती टाकी सलग दोन लांबच्या फेऱ्यांमध्ये संपवली. हे महत्त्वाचं आहे, कारण तो थर हळूहळू सुटतो, डिटर्जंटवालं पेट्रोल त्यावरून तासन्‌तास वाहायला हवं. बाटली ओतून गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये ठेवली तर काय होणार. आणि दोन बाटल्या एकदम ओतू नका, लवकर साफ होईल असं काही नाही, उलट पीईएचा थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो, म्हणून ऑइल बदलायच्या थोडं आधी हा प्रयोग करणं चांगलं, मी तसंच केलं.

पहिली टाकी संपली तेव्हा सकाळची थरथर कमी झाली होती, गेली नव्हती. पुढच्या टाकीत परत एकदा दिली. त्यानंतर तिसऱ्याचे मिसफायर बाकीच्यांसारखे शून्याजवळ आले आणि ट्रिम +१ वर. ॲव्हरेज आधी १३.८ होतं, नंतर १४.० आलं आणि त्याला मी फरक म्हणत नाही. पंपाचं नोझल कधी आधी कट होतं कधी नंतर, ३५ लिटरमध्ये एका लिटरचा फरक पडला तरी जवळपास तीन टक्के इकडेतिकडे होतात. वर सांगितलं तसं ईसीयू आधीच सरासरी जुळवून घेत असतो, त्यामुळे घाणेरड्या इंजेक्टरचा त्रास थरथरीत जास्त दिसतो, ॲव्हरेजमध्ये फार कमी.

म्हणूनच "वीस टक्के ॲव्हरेज वाढवा" वाल्या बाटल्या, गोळ्या, पाइपला लावायची चुंबकं यांचा मला मनापासून राग येतो. धड असलेलं इंजिन आत गेलेल्या पेट्रोलपैकी ९५ ते ९८ टक्के जाळतंच. उरलेलं सगळं जरी जाळलं तरी दोन ते पाच टक्के मिळतील, वीस येणार कुठून? बाकीची ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते, ती कुठल्याही बाटलीने परत येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, असली शंभराहून जास्त उपकरणं आणि द्रव्यं तपासली, ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही निघालं नाही.

आता ज्यात सगळ्यात जास्त पैसे जाताना मी बघतो ते प्रकरण. माझ्या मेहुण्याची गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे. आयडलिंग खराब झालं, कुणीतरी सांगितलं क्लीनर टाक, त्याने लागोपाठ तीन बाटल्या टाकल्या, पीईएवाल्याच, चांगल्याच. काही फरक नाही. मी त्याला विचारलं, "अरे, तुझ्यात पेट्रोल फवारतंय कुठे?" डायरेक्ट इंजेक्शनमध्ये फवारा थेट सिलिंडरच्या आत जातो, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा थेंबसुद्धा पडत नाही. त्या पाठीवर मात्र ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ बसत राहते आणि भाजत राहते. इनटेक मॅनिफोल्ड काढून आत बघितलं तर व्हॉल्व्हच्या दांड्याला डांबराच्या खडीसारखा काळा थर होता, बोटाने निघेना. तो शेवटी अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून काढावा लागला, व्हॉल्व्ह बंद ठेवून, एकेक सिलिंडर. त्या तीन बाटल्यांनी त्याचे इंजेक्टर कदाचित साफ झाले असतील, पण व्हॉल्व्हपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. तेव्हा बाटली घ्यायच्या आधी आपल्या गाडीचं इंजिन कुठल्या प्रकारचं आहे हे मॅन्युअलमध्ये बघा. काही इंजिनांत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, तिथे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जातात.

ऑक्टेन बूस्टरबद्दल एकच सांगतो, बाटलीवर "५ पॉइंट वाढतो" लिहिलेलं असतं तेव्हा तो पॉइंट बहुतेक वेळा ऑक्टेनचा दहावा हिस्सा असतो, म्हणजे ९१ चं ९६ होत नाही, ९१.५ होतं. आणि इंजिन नॉक करत नसेल, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून ठकठक येत नसेल, तर तेवढ्याचाही उपयोग नाही.

डिझेलवाल्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे सीटेन, म्हणजे डिझेल किती पटकन पेटतं तो आकडा, वाढवणारं द्रव्य थंडीत स्टार्टिंग आणि खडखडाट थोडा सुधारू शकतं, आणि खूप थंडीत डिझेल गोठू नये म्हणून टाकायचं द्रव्य तर खरंच काम करतं, फक्त ते डिझेल गढूळ व्हायच्या आधी टाकावं लागतं. मेणाचे कण एकदा तयार झाले की ते द्रव्य त्यांना परत विरघळवत नाही.

आणि दोन टाक्या नीट चालवूनही मिसफायर त्याच सिलिंडरवर राहिला तर तिसरी बाटली घेऊ नका. इंजेक्टर काढून दुसऱ्या सिलिंडरवर लावा. मिसफायर त्याच्याबरोबर गेला तर दोष इंजेक्टरचाच आहे, पण मग इंजेक्टरच्या आतली कॉइल कमजोर आहे, सुई गळतेय, किंवा वरच्या जाळीत गंज अडकलाय. गंज डिटर्जंटने विरघळत नाही. चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर द्या, तिथे चार काचेच्या नळ्यांमध्ये ठरावीक वेळ फवारा सोडतात आणि कुठल्या नळीत किती भरलं ते डोळ्यांनी दिसतं. अल्ट्रासॉनिकने धुऊन नळ्या परत भरून बघायला सांगा, वरची जाळी आणि ओ-रिंग नवीन टाकून घ्या. धुतल्यावरही एक नळी कमीच भरत असेल तर तो इंजेक्टर बदलायचा.