एकच माणूस, दोन रोस्ट

जानेवारीत ज्या मित्राशी ओपन माइकवर रोस्टची बॅटल, म्हणजे एकमेकांच्या उणिवांवर विनोद मारायची चढाओढ झाली, त्याचाच चाळिसावा वाढदिवस मार्चमध्ये आला. त्याची बायको म्हणाली, "तुम्ही ते रोस्ट का काय करता ना, ते ह्यांचं करा की." आमच्या वहीत त्याच्यावर लिहिलेले पंचवीस विनोद पडून होते, म्हणजे काम झाल्यातच जमा असं वाटलं होतं. वाढदिवसाला जसेच्या तसे चालले फक्त दोन. बाकीचे का चालले नाहीत आणि त्यांचं काय केलं, ते पुढे लिहिलं आहे. आपल्याकडे "जरा मजा करू" म्हणून निरोप समारंभाला किंवा हळदीला कुणालाही रोस्ट करायची टूम निघाली आहे, आणि बहुतेक वेळा माल बॅटलचा असतो, प्रसंग मात्र घरचा.

आधी बॅटल. लॉस एंजेलिसच्या 'द कॉमेडी स्टोअर' या कॉमेडी क्लबमधल्या बेली रूम या छोट्या खोलीत २०१३ साली रोस्ट बॅटल सुरू झाली. तिचे नियम तीनच: विनोद स्वतःचे असावेत, अंगाला हात लावायचा नाही, आणि शेवटी मिठी मारायची. विषयांवर बंदी नाही. एवढी मोकळीक परवडते, कारण उभे राहणारे दोघेही मारणारे असतात आणि दोघेही मार खाणारे. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या फडासारखंच आहे हे. समोरचा सवाल टाकणार हे ठाऊक असतं, म्हणून जवाब बांधूनच फडावर चढायचं.

आमची पद्धत अशी. बॅटलच्या दहा दिवस आधी दोघांनी एकमेकांना एक पान द्यायचं. त्यावर स्वतःबद्दलच्या दहा-बारा खऱ्या गोष्टी लिहायच्या: नोकरी, गाव, फसलेले धंदे, दिसण्यातलं काय काय. खाली एका ओळीत 'हे नको' लिहायचं. विनोद एकमेकांना दाखवायचे नाहीत, नाहीतर रंगमंचावर चेहरे मेल्यासारखे होतात. विषय मात्र उघड. या पानावर जे आहे त्यालाच होकार आहे, पानाबाहेरचं काही हवं असेल तर फोन करून विचारायचं. आमच्या मित्राने पानावर स्वतःहून दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, चार वेळा एमपीएससी दिली, झाली नाही. दोन, वडिलांचं किराणा दुकान चालवायला घेतलं आणि ते चौदा महिन्यांत बंद पडलं.

तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोघांचे दोन-दोन विनोद, म्हणजे माणशी सहा. त्यासाठी पंचवीस लिहायचे, आठ निवडायचे, सहा वापरायचे. उरलेले दोन राखीव, कारण समोरच्याने आपलाच विषय आधी उचलला तर हातात काहीतरी लागतं. आणि याच्याइतकंच काम दुसऱ्या बाजूचं: आरशासमोर उभं राहून तो आपल्यावर काय काय बोलेल त्याची यादी करायची आणि प्रत्येकाला एकेक उत्तर लिहून ठेवायचं. लोकांना 'काय हजरजबाबी आहे' असं वाटतं ते बहुतेक वेळा हेच असतं.

लिहिताना मराठीची एक अडचण येते. आपलं क्रियापद शेवटी असतं, त्यामुळे हसवणारा शब्द वाक्याच्या मध्ये अडकतो. पहिला खर्डा असा होता: "ह्याची अडतिशी उलटेपर्यंत आयोगाने एमपीएससी पुढे ढकलली." विनोद 'अडतिशी'त आहे, आणि त्याच्यानंतर पाच शब्द उरतात, त्यांत हशा विरून जातो. शेवटी झाला तो असा: "ह्याने चार वेळा एमपीएससी दिली. पाचव्या वेळी आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. पोरांनी मोर्चा काढला, तर आयोग म्हणतो, थांबा, आधी ह्याची अडतिशी उलटू दे." खुल्या गटाची वयोमर्यादा अडतीस, हे समोर बसलेल्या निम्म्या पोरांना तोंडपाठ होतं. दुकानावरचा त्याहून तोकडा होता: "समोर मॉल आला तरी ह्याच्या वडिलांचं दुकान टिकलं. मग हा आला." त्या रात्रीचा सर्वांत मोठा हशा याला मिळाला, आणि सर्वांत मोठ्याने मित्रच हसला. पुढच्याच वाक्यात त्याने आमच्या पोटाची आणि आमच्या गृहकर्जाची सांगड घातली, तीही चोख होती.

आता वाढदिवस. सोसायटीचा हॉल, साठेक माणसं. पहिल्या रांगेत आई-वडील, बायको, अकरा वर्षांची मुलगी. मागे ऑफिसचे लोक, त्यांत साहेब. इथे खुर्चीवर एकटा तो बसणार आणि पाचजण बोलणार. त्याला उलट मारायची सोय नाही, परीक्षक नाहीत, कोण जिंकलं हा प्रश्नच नाही. म्हणून होकार नव्याने घ्यावा लागतो. 'बॅटलमध्ये तर तू चालवून घेतलंस' हे इथे कामाचं नाही.

विचारायचं ते एकट्याला गाठून. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "तुझा रोस्ट करू का रे?" विचारलं की माणूस हसण्याची चित्रंच टाकणार, नाही कोण म्हणेल? आम्ही त्याला चहाला नेलं आणि तीन प्रश्न विचारले. कुठला विषय अजिबात नको? कुठला विषय चालेल, पण अमुक माणसासमोर नको? आणि समोर कोण कोण असणार? दुसऱ्या प्रश्नाला तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दुकानाचं नको. बाबा असणार ना."

इथे एक गोष्ट नीट कळली. दुकानाचा विनोद त्याच्यावर आहे असं आम्ही धरून चाललो होतो, पण तो अर्धा वडिलांवर आहे. तीस वर्षं त्यांनी ते चालवलं होतं. बॅटलमध्ये ते खोलीत नव्हते, म्हणून मुलाच्या होकारावर भागलं. ते समोर बसले की होकार त्यांचाही लागतो, आणि तो मुलाने देऊन चालत नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडी याचा रोस्ट नेटफ्लिक्सवर थेट दाखवला गेला. ब्रेडी स्वतः खुशीने खुर्चीत बसला होता. नंतर तो म्हणाला, माझ्यावरचे विनोद आवडले, पण त्यांचा मुलांवर जो परिणाम झाला तो आवडला नाही. त्याच्या मोडलेल्या संसारावर भरपूर विनोद झाले होते. त्याने होकार दिला होता, मुलांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून वहीतल्या प्रत्येक विनोदासमोर आम्ही एक खूण केली: हा कुणाला लागतो? फक्त त्याला लागत असेल तर ठेवायचा. बायको, मुलगी, आई-वडील किंवा साहेब यांतलं कुणी सापडत असेल तर त्या माणसाला विचारायचं, नाहीतर काढायचा. तेरा इथेच गेले. आणखी दहा असे होते की हॉलमधल्या निम्म्या लोकांना संदर्भच ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसलेली उणीव रोस्टमध्ये पहिल्यांदा कळली की तो विनोद राहत नाही, चहाडी होते. एमपीएससीचा त्यांतलाच. ऑफिसमध्ये कुणाला त्या चार वर्षांचं माहीत नव्हतं. मित्राला विचारलं, तर म्हणाला, सांगा, पण नापास नापास करू नका. तेव्हा तो असा लिहिला: "ह्याने चार वर्षं एमपीएससीचा अभ्यास केला. वाया गेला नाही. सोसायटीत पाणी का येत नाही, हे हा आता राज्यघटनेच्या कलमासकट सांगतो. पाणी अजून येत नाही." विषय तोच. पहिल्यात नेम अपयशावर होता, यात मीटिंगमध्ये भाषण ठोकायच्या खोडीवर आहे, जी हॉलमधला प्रत्येकजण सोसतो. साहेब तर खुर्चीवरून वाकून हसले, म्हणजे ऑफिसातही तेच चालत असणार.

पाचजणांना चार-चार मिनिटं दिली होती. दोन दिवस आधी सगळ्यांचे कागद एकाच माणसाने, म्हणजे सूत्रसंचालकाने, वाचले. ही पायरी लोक गाळतात आणि मग पाचही जण टकलावर बोलतात. पहिल्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा उत्सवमूर्ती कपाळ पुसायला लागतो. आमच्याकडेही पाचांत चार कागदांवर टक्कल होतं. ते एकालाच दिलं, बाकीच्यांना बुलेट, घोरणं, क्रिकेट आणि त्याचे लांबलचक व्हॉइस मेसेज वाटून दिले. शिवाय सगळे कागद त्याच्या बायकोने वाचले. त्याला न दाखवता त्याच्या वतीने वाचणारं एक माणूस लागतंच. तिने एकच ओळ काढली, का ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

क्रम असा ठेवला: हलकं बोलणारा आधी, सर्वांत तिखट तिसरा, बहीण शेवटी. तिखट माणूस शेवटी ठेवला की लोक तीच चव घेऊन जेवायला जातात.

आणि थांबायची खूण. त्याच्या डोक्यावर पुणेरी पगडी चढवली होती. त्याने ती काढून मांडीवर ठेवली की सूत्रसंचालकाने उठून पुढचं नाव पुकारायचं, हे फक्त तिघांना माहीत होतं. बॅटलमध्ये अशी खूण लागत नाही, कारण दर वीस सेकंदांनी पाळी बदलते आणि तुमच्या हातात माइक येतो. खुर्चीत बसलेल्याला सलग चार मिनिटं हसरा चेहरा ठेवावा लागतो. तो खरा हसतोय का हे ओळखायचं असेल तर तोंडाकडे पाहू नका, वेळ पाहा. लोकांच्या आधी किंवा बरोबर हसला तर ठीक. लोक हसल्यावर हसला, किंवा हसताना बायकोकडे बघितलं, तर तो विषय तिथेच सोडायचा, कागदावर आणखी दोन ओळी असल्या तरी. बुलेटवाला वक्ता हप्त्यांवर घसरला तेव्हा पगडीला हात गेला होता. काढली नाही, पण सूत्रसंचालक उठला.

चित्रीकरणाचा होकार वेगळा घ्यावा लागतो. डिसेंबर २०१४ मध्ये वरळीला एआयबी या विनोदवीरांच्या गटाचा रोस्ट झाला. करण जोहर सूत्रधार, खुर्चीत रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर. दोघे राजी होते, प्रेक्षक तिकीट काढून आले होते. पुढच्या महिन्यात व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि राजी नसलेल्या लाखो लोकांपर्यंत पोचला. फेब्रुवारीत तो काढून घ्यावा लागला, गुन्हेही दाखल झाले. आमच्या हॉलमध्ये अर्थातच काही तेवढं नव्हतं, पण साठ माणसांसाठी लिहिलेलं साहेबांच्या साहेबांपर्यंत जायला एक फॉरवर्ड पुरतो. फोन दाराशी टोपलीत ठेवले, चित्रीकरण फक्त भाच्याने केलं आणि ते मित्राकडेच राहिलं.

शेवटची सहा मिनिटं त्याची. ती आम्ही त्याच्याबरोबर बसून दोन संध्याकाळी लिहिली होती, प्रत्येक वक्त्यावर दोन ओळी, कारण ऐनवेळी बोलायला लावलं तर माणूस "सगळ्यांचे आभार" म्हणून खाली बसतो आणि हिशोब एकतर्फी राहतो. लिहिलेलं सगळं बोलून झाल्यावर त्याने पगडी सारखी केली, पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि कागदावर नसलेलं एक वाक्य टाकलं: "बाबा, ह्यांनी दुकानाचं काढलं नाही. म्हणून मीच काढतो."

वडील म्हणाले, "काढ. बंद तर तूच केलंस."