गेम मधेच बंद का होत होता

आमच्या इंदिरानगरच्या घरी भाचा सुट्टीला आला की रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर कार रेसिंग चालते. माझी गाडी पुढे असली की नेमका गेम थांबायचा आणि 'बाहेर पडायचे का?' अशी चौकट यायची. गेम क्रॅश होतोय असं समजून आम्ही तो काढून पुन्हा टाकला, पण काही फरक पडला नाही. मग भाचा म्हणाला, "मामा, चौकट यायच्या आधी डाव्या कडेला बघ, बारीकसा बाण दिसतो."

तो बाण म्हणजे खरी खूण. अँड्रॉइड १० पासून बटणांऐवजी जेश्चर वापरता येतात. डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढलं की फोन 'मागे जा' समजतो, आणि खालच्या कडेवरून वर ओढलं की होम स्क्रीन येते. माझं स्टिअरिंग डाव्या कडेला चिकटून होतं. उजवं वळण घ्यायला अंगठा कडेवरून आत यायचा आणि फोन त्याला 'मागे जा' धरायचा. गेम एकदम गायब होऊन होम स्क्रीन आली, तर आधी खालचा स्वाइप लागलाय का ते बघावं. बाण नाही, स्वाइप नाही, तरी गेम बंद पडला, तरच दोष गेममध्ये किंवा मेमरीत शोधावा.

माझ्या फोनवर Settings मध्ये System, त्यात Gestures आणि मग System navigation असं जावं लागलं. कंपनीनुसार ही वाट बदलते, म्हणून सरळ शोधपट्टीत navigation टाइप केलेलं बरं. Gesture navigation शेजारच्या गिअरच्या चिन्हावर टॅप केलं की Left edge आणि Right edge असे दोन स्लायडर आहेत. डावा अगदी कमी केला, उजवा तसाच ठेवला. त्यामुळे इतर अ‍ॅपमध्ये उजव्या कडेने मागे जाता येतं. फोन आडवा धरला तरी डावी म्हणजे त्या वेळी डावीकडे असलेलीच कड.

त्रास बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. स्लायडर संवेदनशील पट्टी अरुंद करतो, माझ्या फोनवर बंद करत नाही. म्हणून गेमच्या कंट्रोल सेटिंगमधून स्टिअरिंग अंगठ्याएवढं आत सरकवलं. त्यानंतर बाण क्वचितच दिसला.

खालच्या स्वाइपला मात्र हे स्लायडर लागू नाहीत. भाच्याच्या गेममध्ये नायट्रोसाठी, म्हणजे गाडीला जादा वेग द्यायला, बोट खालून वर ओढावं लागतं, म्हणून त्याच्या फोनवर 3-button navigation लावलं. आता कडेच्या स्वाइपने गेम मागे जात नाही. गेम चालू असताना बटणं लपलेली असतात. आडव्या फोनवर ती बहुधा एका बाजूला असतात आणि तिथून बोट ओढलं तर वर येतात. त्या बाजूला नायट्रो ठेवायचा नाही, एवढं त्याला सांगितलंय. मला स्वतःला रोजच्या वापरात ती तीन बटणं आवडत नाहीत, म्हणून मी स्लायडरवरच भागवतो.