180 मिमीच्या बेडवर 480 मिमीची कमान: निमुळते डोव्हटेल आणि चौकोनी खुंट्या

घरगुती गणपतीसाठी कमानीचे मखर थ्रीडी प्रिंटरवर छापण्याचे काम आता सांध्यांच्या टप्प्यावर पोहोचले आहे. कमानीची बाहेरून रुंदी 480 मिमी, उंची 420 मिमी आणि जाडी 40 मिमी आहे. माझ्या प्रिंटरचा बेड मात्र 180 × 180 मिमीचा आहे. गिरगावातल्या दोन खोल्यांच्या जागेत हे मखर विसर्जनानंतर माळ्यावर एका खोक्यात जायला हवे आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहायला हवे. त्यामुळे गोंद पहिल्यापासूनच बाद ठरवला. सांधा हाताने लागला पाहिजे, हाताने सुटला पाहिजे आणि समोरून तो शक्यतो दिसता कामा नये, या तीन अटींवर पुढचे सगळे निर्णय घेतले आहेत.

प्रथम काप कुठे घ्यायचे ते पाहू. कमानीचा वरचा भाग अर्धवर्तुळ आहे. त्याची बाहेरची त्रिज्या 240 मिमी आणि आतली 170 मिमी, म्हणजे पट्टा 70 मिमी रुंद. त्याचे 45 अंशांचे चार तुकडे केले तर प्रत्येकाची बाहेरची जीवा 183.7 मिमी होते आणि सरळ ठेवलेला तुकडा बेडबाहेर जातो. तो तिरका ठेवून कदाचित बसवता आला असता, पण चार तुकड्यांमुळे एक सांधा बरोबर माथ्यावर येतो, आणि कमान जराशी फाकली तरी पहिली फट तिथेच आतल्या बाजूने उघडते. म्हणून 36 अंशांचे पाच तुकडे केले. आता माथ्यावर अखंड तुकडा येतो आणि बाहेरची जीवा 148.3 मिमी राहते. तुकडे डोव्हटेलने जोडायचे आहेत, म्हणजे एका तुकड्याची टोकाकडे रुंद होणारी शेपटी दुसऱ्याच्या तशाच खाचेत सरकवायची. ही शेपटी पट्ट्याच्या मध्यावर असल्यामुळे ती बाहेरच्या कोपऱ्यापलीकडे जवळजवळ जात नाही, त्यामुळे दोन्ही टोकांना शेपट्या असलेला माथ्याचा तुकडाही 150 मिमीच्या आत मावतो. खालचे दोन्ही खांब 180 मिमी उंच आहेत. ते कागदावर बेडइतकेच दिसतात, पण शेपटीचे 8 मिमी धरले की मावत नाहीत, म्हणून प्रत्येक खांबाचे 90 मिमीचे दोन भाग केले.

सगळे तुकडे पाठीवर झोपवून छापायचे ठरवले. त्यामुळे कमानीची जाडी ही छपाईची उंची होते आणि डोव्हटेलचा आकार प्रत्येक थरात पूर्णपणे आडव्या प्रतलात उतरतो. शेपटीच्या बारीक मानेवर ताण येतो तो थरांच्या लांबीच्या दिशेने; थर एकमेकांपासून सुटण्याची वेळ येत नाही. उभ्या छापलेल्या शेपट्या मानेपाशी थरावरून तुटतात, हे ज्यांनी असे सांधे केले आहेत त्यांना ठाऊक आहे.

मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणाऱ्या स्लायसरच्या कट टूलमध्ये डोव्हटेलची सोय आहे आणि साध्या कामाला ती पुरते. मात्र तिथली खाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार जाते, म्हणजे मखराच्या दर्शनी बाजूवर शेपटीचा आकार दिसणार. त्यामुळे सांधा मी कोड लिहून आकार काढण्याच्या ओपनएससीएडी या प्रोग्राममध्ये काढला. खाच पाठीमागून उघडी आहे आणि दर्शनी बाजूला शेवटचे 4 मिमी बंद ठेवले आहेत. समोरून फक्त एक सरळ रेघ दिसते. तुकडा पाठीवर छापला जात असल्यामुळे हे बंद टोक खाचेचे छत बनते आणि तेवढा छोटा पूल प्रिंटर आधाराशिवाय ओढतो. छत किंचित लोंबते, म्हणून 36 मिमीच्या खाचेत शेपटी 35.5 मिमीचीच ठेवली.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेपटीचा निमुळतेपणा. ती पाठीमागे 22 मिमी रुंद आहे आणि दर्शनी बाजूकडे दोन्ही अंगांनी 2 अंशांनी अरुंद होत जाते. सरळ शेपटी 36 मिमीचे पूर्ण अंतर घासत जाते, आणि शेपटी व खाच यांच्यातला वाव जरासा कमी पडला तर ती मध्येच अडकून पुढेही जात नाही, मागेही येत नाही. निमुळती शेपटी जवळजवळ शेवटपर्यंत मोकळी सरकते आणि अखेरच्या एकदोन मिलिमीटरांत पाचरीसारखी आवळते. आवळताना तिरक्या कडांमुळे दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जातात आणि दर्शनी रेघ मिटते. शेपटीचा आकार असा आहे:

```
module prof(w, c) {
  n = w - 2*8*tan(15);
  offset(delta = c)
    polygon([[-n/2,0],[n/2,0],[w/2,8],[-w/2,8]]);
}
module tail(c = 0, len = 35.5) {
  hull() {
    linear_extrude(0.01) prof(22, c);
    translate([0,0,len]) linear_extrude(0.01)
      prof(22 - 2*len*tan(2), c);
  }
}
```

शेपटीसाठी `tail()` आणि खाच कोरण्यासाठी `tail(c=0.15, len=36)` वापरले आहे. वाव फक्त खाचेत दिला आहे, शेपटीला हात लावलेला नाही. दोन्हीकडे थोडा थोडा दिला की नंतर कोणता आकडा बदलायचा याचा हिशेब राहत नाही.

निमुळतेपणाचा दुसरा फायदा मला त्याहून मोलाचा वाटतो. 2 अंशांच्या उतारावर बाजूचा 0.035 मिमीचा फरक सरकण्याच्या दिशेत 1 मिमी होऊन दिसतो. म्हणजे व्हर्निअरनेही नीट न सापडणारी वावातली चूक साध्या पट्टीने मोजता येते. त्यासाठी पूर्ण तुकडा छापण्याची गरज नाही. फक्त सांध्याभोवतीचा भाग कापून, पण 40 मिमीची पूर्ण उंची ठेवून, नमुन्याची जोडी छापावी. खाचेचा नमुना सपाट टेबलावर दर्शनी बाजू खाली करून ठेवावा आणि शेपटीचा नमुना वरून खाचेत उतरवावा. दोघांची दर्शनी बाजू टेबलाला टेकली आणि शेवटच्या टप्प्यावर अंगठ्याचा जोर लागला, तर वाव बरोबर आहे. शेपटीचा तुकडा 3 मिमी वर राहिला, तर प्रत्येक बाजूला साधारण 0.1 मिमी वाव कमी आहे, तेवढा `c` वाढवावा. स्वतःच्या वजनाने खाली जाऊन डुलू लागला, तर वाव जास्त आहे. उतार 1 अंशाचा ठेवला असता तर त्याच 0.1 मिमीला तुकडा 5.7 मिमी वर राहिला असता. मोजायला ते अधिक सोपे, पण तुकड्यातुकड्यांत पडणारा नेहमीचा फरकही तेवढाच मोठा झाला असता. म्हणून 2 अंश.

तुकडा वर राहण्याची कारणे मात्र तीन असू शकतात आणि आकडा बदलण्याआधी ती वेगळी करावी लागतात. कडा घासत असतील, तर सांधा हळूहळू घट्ट होत थांबतो. छत लोंबले असेल, तर शेपटी एकदम ठक्क करून थांबते आणि तरीही बाजूंना हलते. तिथे वाव वाढवून काहीच होत नाही, शेपटीची लांबी कमी करावी लागते. तिसरे कारण पहिला थर. बेडवर दाबला गेल्यामुळे तो पसरतो, त्यामुळे शेपटी पाठीकडच्या टोकाला फुगते आणि खाचेचे तोंड त्याच ठिकाणी आवळते. मग सांधा अगदी शेवटी अडतो आणि पुढच्या बाजूला सैल राहतो. शेपटीच्या दोन्ही कडांवर मऊ पेन्सिल घासून जोडी एकदा बसवून काढली की शिसे कुठून पुसले गेले ते दिसते. पूर्ण लांबीत पुसले असेल तर वाव कमी आहे. फक्त पाठीकडच्या मिलिमीटरभर पट्टीत पुसले असेल तर तो पहिला थर आहे. त्यावर स्लायसरमधील `Elephant foot compensation` 0.2 मिमी ठेवले आणि शिवाय शेपटीच्या व खाचेच्या पाठीकडच्या कडांना अर्ध्या मिलिमीटरची उतरण दिली.

एक बाब आकड्यांत दिसत नाही. प्रत्येक थराची सुरुवात जिथे होते तिथे उभी बारीक रेघ, म्हणजे सीम, उठते, आणि स्लायसर तिच्यासाठी कोपरे शोधतो. डोव्हटेलचे आतले कोपरे त्याला फार सोयीचे वाटतात. ती रेघ शेपटीच्या कडेवर आली तर नमुन्यावर जमलेला वाव मूळ तुकड्यावर जमत नाही. त्यामुळे सीम रंगवण्याच्या साधनाने ती प्रत्येक तुकड्यात कमानीच्या आतल्या वक्र बाजूवर नेली, जिथे नंतर तोरणाची माळ येणार आहे. याच कारणाने ओल्या फिलामेंटने सांधे छापू नयेत. श्रावणातल्या दमट हवेत उघडे राहिलेले पीएलए प्लास्टिक खाचेत तंतू आणि बारीक थेंब सोडते. रीळ 45 ते 50 अंशांवर काही तास वाळवून, छपाई चालू असतानाही बंद डब्यातूनच ओढावे.

खांब आणि चौथरा यांच्यामध्ये डोव्हटेल वापरलेले नाही. तिथे वजन सरळ खाली येते. तुकडे ओढले जात नाहीत, फक्त जागेवरून सरकू नयेत इतकेच हवे. त्यासाठी खुंट्या पुरतात. खुंटी तुकड्याच्या अंगाला जोडून छापली तर ती थरावर तुटते, म्हणून 8 मिमी चौरसाच्या, 30 मिमी लांब खुंट्या वेगळ्या, आडव्या छापायच्या आणि दोन्ही बाजूंना 15 मिमी आत घालायच्या. अडचण अशी की एकाच खुंटीची दोन टोके दोन वेगळ्या पद्धतीने छापलेल्या भोकांत जातात. चौथऱ्यातले भोक उभे छापले जाते, त्याच्या चारही भिंती सारख्या येतात. खांब पाठीवर झोपलेला असल्याने त्यातले भोक आडवे येते आणि त्याचे सपाट छत लोंबते. म्हणून चौरस भोक 45 अंशांत फिरवून टोकावर उभे केले. दोन्ही वरच्या भिंती तिरक्या झाल्यामुळे छत असे उरतच नाही. चौथऱ्यातले भोकही अर्थातच तसेच फिरवले. उभ्या भोकाला प्रत्येक बाजूला 0.15 मिमी आणि आडव्याला 0.2 मिमी वाव दिला आहे.

प्रत्येक खांबाखाली दोन खुंट्या आहेत, एकमेकींपासून 40 मिमीवर. त्यांपैकी एकच भोक घट्ट आहे. दुसरे दोन्ही खुंट्यांना जोडणाऱ्या रेषेत 0.4 मिमी लांबवले आहे. पहिली खुंटी जागा पक्की करते आणि दुसरी फक्त खांब फिरू देत नाही. दोन्ही भोके घट्ट ठेवली तर थंड होताना पीएलए जेवढे आकसते तेवढ्यानेच खुंट्यांमधले अंतर बदलते आणि चांगल्या मापाच्या खुंट्याही आत जात नाहीत.

सद्यस्थिती अशी आहे की कमानीचे पाचही तुकडे छापून झाले आहेत आणि टेबलावर दर्शनी बाजू खाली करून जोडले आहेत. खालच्या दोन्ही जोड्या आधी लावायच्या आणि दोन शेपट्यांचा माथ्याचा तुकडा शेवटी वरून उतरवायचा, हा क्रम सोयीचा ठरला. सांधे एकसारखे काढले असले तरी बसवण्याची जागा बदलली की घट्टपणा थोडा बदलतो, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खोदीव क्रमांक आहे. खांबांचे चार भाग सध्या रांगेत आहेत. त्यानंतर 160 × 120 मिमीचे चौथऱ्याचे तीन भाग छापायचे आहेत. त्यांच्यातल्या दोन सांध्यांना याच खुंट्या वापरणार आहे. चौथऱ्याचे भाग पालथे न घालता जसे उभे राहणार तसेच छापायचे असल्याने या सांध्यांतली सगळी भोके आडवी येतील, म्हणून तिथे सुरुवात 0.2 मिमी वावाच्या नमुन्यापासून करणार आहे.