दहावीच्या प्री-लिस्टचं पत्रक तपासताना

शाळेतून पालकांकडे जाणारं प्रत्येक पत्रक मुख्याध्यापकांच्या सहीआधी माझ्या टेबलावर येतं. बहुतेकांना फार वेळ लागत नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या एका कच्च्या मसुद्याला मात्र अर्धा दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता. विषय होता दहावीची प्री-लिस्ट.

बोर्डाचे फॉर्म ऑनलाइन भरून झाले की शाळेच्या लॉगिनमध्ये प्री-लिस्ट मिळते. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचं आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, माध्यम, विषय, फोटो अशी सगळी माहिती असते. शाळेने ती जनरल रजिस्टरशी ताडून पाहायची, विद्यार्थ्याची सही घ्यायची आणि मुख्याध्यापकांनी सही-शिक्का करायचा. चूक दुरुस्त करायची सर्वात सोपी वेळ हीच. प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच दुरुस्ती करायची तर कागदपत्रं जोडून शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. त्यात शुल्क जातं आणि वेळही. म्हणून विद्यार्थ्याबरोबर पालकांच्याही नजरेखालून नोंद जावी, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. ऑफिसमधून आलेला मसुदा असा होता:

“इ. 10 वीच्या सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, मंडळाच्या निर्देशानुसार प्री-लिस्ट प्राप्त झाली असून सर्व पालकांनी दि. 5/11 पर्यंत कार्यालयात येऊन आवश्यक ती कार्यवाही करावी. तद्नंतर कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही व होणाऱ्या नुकसानीस पालक सर्वस्वी जबाबदार राहतील.”

मी पत्रक हातात घेतलं की आधी भाषेकडे बघत नाही. कॅलेंडर काढते आणि प्रत्येक तारखेपुढे वार लिहिते. 5 नोव्हेंबर 2025 म्हणजे बुधवार, आणि त्या दिवशी गुरुनानक जयंतीची सुट्टी. ऑफिसला कुलूप. मसुद्यात नुसतं “5/11” असल्यामुळे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, पालकांच्याही आलं नसतं. रजेचा दिवस बघून नेमके त्याच दिवशी गेटपर्यंत येणारे मात्र बरेच निघाले असते. वार लिहिण्याचा खरा उपयोग असा की तारीख चुकली तर वार चाडी खातो. दोन्ही जुळत नसतील तर वाचणारा विचारतो तरी.

“पर्यंत” या शब्दाचा घोळ वेगळाच. 5 तारखेपर्यंत म्हणजे पाच धरून की चारपर्यंत? आणि पाच धरून असेल तर किती वाजेपर्यंत? दुपारच्या सत्राची शाळा असेल तर पालक साडेपाचला येतात, तेव्हा ऑफिस बंद झालेलं असतं. म्हणून शेवटचा दिवस लिहिताना वार, तारीख, महिना, वर्ष आणि वेळ असं सगळं एका दमात लिहायचं. उलट, बोर्डाने शाळेला दिलेली मुदत पत्रकात अजिबात टाकायची नाही. ती नंतरची असते, आणि कागदावर दोन तारखा दिसल्या की माणूस उशिराची धरून चालतो. दुरुस्त्या भरायला ऑफिसला दोन कामाचे दिवस तरी मोकळे मिळायला हवेत. ते मागे मोजून पालकांची तारीख काढायची आणि ती एकच छापायची.

यानंतर मी कामाकडे वळले, कारण मसुद्यातली मोठी अडचण तिथे होती. “आवश्यक ती कार्यवाही” म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्याला नसतं. आमच्या शिपाई मावशींचा मुलगा नववीत आहे, त्यांना मसुदा वाचायला दिला आणि विचारलं, “मावशी, हे घरी आलं तर तुम्ही काय कराल?” त्या म्हणाल्या, “पैसे भरायचे असतील काहीतरी. किती ते लिहिलं नाही.” ही परीक्षा मी नेहमी घेते. कळलं का असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. काय कराल, कधी, आणि सोबत काय न्याल, एवढं विचारायचं.

मग ऑफिसमध्ये बसून हिशेब मांडला. दोन तुकड्या मिळून सव्वाशेच्या आसपास मुलं. खिडकीवर एका पालकाला नोंद दाखवून सही घ्यायला चार मिनिटं धरली तरी पाचशे मिनिटं होतात, म्हणजे आठ तासांहून जास्त, आणि खिडकी एकच. शिवाय ज्यांची नोंद बरोबर आहे, म्हणजे बहुतेक सगळे, ते अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून फक्त “बरोबर आहे” म्हणायला येणार. पत्रकाची भाषा कितीही सुधारली तरी हे सुधारत नाही. त्यामुळे कामच बदललं: प्रत्येकाच्या नोंदीची झेरॉक्स मुलाबरोबर घरी जाईल, पालक ती घरी तपासून चिठ्ठीवर सही करतील, आणि चूक असेल त्यांनीच ऑफिसात यायचं. झेरॉक्स काढताना वरच्या-खालच्या मुलांच्या नोंदी झाकून घ्यायच्या आणि घडी घालून स्टेपल करायची. दुसऱ्याच्या घरची माहिती वर्गात फिरायला नको. मूळ यादी शाळेतच राहते, मुलांच्या सह्या तिच्यावर वर्गातच होतात.

या बदलामुळे बुधवारची सुट्टी उलट कामाला आली. शाळा सोमवारी 3 तारखेला उघडत होती. त्याच दिवशी झेरॉक्स द्यायची, मधला बुधवार घरी बसून बघायला, आणि गुरुवारी परत. दुरुस्तीसाठी शुक्रवार आणि शनिवार. शनिवार 8 तारीख म्हणजे दुसरा शनिवार. बँका-सरकारी कचेऱ्या बंद, त्यामुळे शाळाही बंद असेल असं लोक समजतात. म्हणून शाळा सुरू आहे हे वेगळं लिहावं लागलं.

काय तपासायचं तेही सांगायला हवं. “सर्व माहिती तपासा” म्हटलं की पालक मुलाचं नाव बघतात आणि सही करतात. चुका दुसरीकडेच असतात: आईच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल, आणि सर्वात घातक म्हणजे विषय. संपूर्ण हिंदी घेतलेल्या मुलीपुढे संयुक्त हिंदी-संस्कृत पडलं, तर परीक्षेला तिच्यापुढे भलतीच प्रश्नपत्रिका येते. यादीत विषयांचे सांकेतांक असतात आणि ते पालकांना वाचता येत नाहीत. म्हणून झेरॉक्सच्या खाली वर्गशिक्षकांनी विषयांची नावं हाताने लिहायची असं ठरलं. आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. बरेच पालक आधार कार्ड घेऊन येतात आणि “यावर आहे तसं करा” म्हणतात. प्री-लिस्ट जनरल रजिस्टरप्रमाणे असते. रजिस्टरमधलंच नाव बदलायचं असेल तर ती वेगळी प्रक्रिया, या खिडकीवर होत नाही.

राहिला सूर. “तक्रार ऐकून घेतली जाणार नाही” हे वाक्य मी काढलं तेव्हा आमचे क्लार्क म्हणाले, “मॅडम, धाक नसला की कोणी येत नाही.” त्यांचा अनुभव खोटा नाही, पण ते वाक्य खोटं आहे. नंतर तक्रार आली तर शाळेला ऐकावीच लागते, प्रस्तावही शाळेलाच पाठवावा लागतो. आणि यादीवर मुख्याध्यापकांची सही असताना “पालक सर्वस्वी जबाबदार” कसे? असं वाक्य सही करणाऱ्यालाच अडचणीत आणतं. धाकाच्या जागी खरा परिणाम लिहिला तर तो जास्त धाक घालतो: हीच माहिती हॉलतिकिटावर आणि प्रमाणपत्रावर येते, नंतरच्या दुरुस्तीला वेळ आणि पैसा लागतो. दुसऱ्या टोकालाही जायचं नाही. “आदरणीय पालकहो, आपल्या अमूल्य सहकार्याची नम्र अपेक्षा” अशी सुरुवात केली की सही देणं ऐच्छिक आहे असं वाटतं. “कृपया” एकदा पुरतो. आणि “वडिलांनी यावे” असं लिहायचं नाही. काही घरांत वडील नसतात, काहींत मूल आजीकडे असतं.

पक्कं पत्रक असं गेलं:

“विषय: दहावीच्या परीक्षेसाठी भरलेली माहिती तपासून चिठ्ठी परत देणे. शेवटचा दिवस: गुरुवार, 6 नोव्हेंबर 2025.

आपल्या पाल्याची बोर्डाकडे भरलेली माहिती सोबतच्या झेरॉक्सवर आहे. हीच माहिती हॉलतिकीट, गुणपत्रक व प्रमाणपत्रासाठी वापरली जाते. नंतर दुरुस्ती करायची झाल्यास मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. त्यासाठी वेळ व शुल्क लागते. म्हणून कृपया या चार गोष्टी तपासाव्यात: पाल्याचे पूर्ण नाव, आईचे नाव (दोन्हींचे स्पेलिंग), जन्मतारीख, विषय.

माहिती बरोबर असल्यास खालील चिठ्ठीवर ‘बरोबर’ अशी खूण करून आई, वडील किंवा पालक यांनी सही करावी. चूक असल्यास झेरॉक्सवर त्याभोवती गोल करून शेजारी योग्य नोंद लिहावी. दोन्ही बाबतींत चिठ्ठी व झेरॉक्स गुरुवारी पहिल्या तासाला वर्गशिक्षकांकडे द्यावी.

चूक असेल त्यांनीच जन्मदाखला व आधीच्या शाळेचा दाखला असल्यास तो घेऊन कार्यालयात यावे: शुक्रवार, 7 नोव्हेंबर, सकाळी 10 ते 1, किंवा शनिवार, 8 नोव्हेंबर, सकाळी 8 ते 11 (शनिवारी शाळा सुरू आहे). बुधवार, 5 नोव्हेंबर रोजी शाळेला सुट्टी आहे. नाव शाळेच्या रजिस्टरप्रमाणे घेतले जाते, आधार कार्डाप्रमाणे नाही. यासाठी कोणतेही शुल्क नाही.”

शेवटचं वाक्य मावशींमुळे आलं. ते नसतं तर फोन वाजत राहिले असते.

ग्रुपवर याच कागदाचा फोटो टाकायचा नाही, असं मी सांगितलं होतं. फोटो मोबाइलवर मोठा करून कोणी वाचत नाही, आणि चार संदेशांनंतर तो वर निघून जातो. तीन ओळी टाइप केल्या: आज मुलांबरोबर काय दिलं आहे, गुरुवारी काय परत हवं आहे, चूक असेल तर शुक्रवारी-शनिवारी कधी यायचं. कागदातल्या आणि संदेशातल्या तारखा शेजारी ठेवून एकदा मोठ्याने वाचल्या. एकीकडे बदल केला आणि दुसरीकडे राहिला, हा घोटाळा तिथेच सापडतो.

गुरुवारी ज्यांच्या चिठ्ठ्या आल्या नाहीत त्यांची नावं ग्रुपवर टाकायची सूचना आली होती. ती मी मान्य केली नाही. वर्गशिक्षकांनी त्या घरांना दुपारीच फोन केले. काही चिठ्ठ्या दप्तरातच होत्या, एका घरी पालक गावाला गेले होते आणि मूल मावशीकडे राहत होतं. त्या मावशींनी शनिवारी सकाळी येऊन नोंद पाहिली आणि चिठ्ठीवर “पालक” या शब्दापुढे सही केली.