वक्त्याला पाठवलेला मेसेज दोनदा वाचला जातो

«मॅडम, वेबिनार आवडला की बोलणाऱ्या सीएंना त्यांच्या फर्ममध्ये आर्टिकलशिपची जागा आहे का, असा मेसेज केलेला चालतो का? आणि त्यात लिहायचं काय?»

चालतो, आणि अनेकदा त्याचा उपयोगही होतो. मात्र तो मेसेज कोणाच्या हाती जातो हे आधी समजून घ्यायला हवे. मी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये भागीदार आहे आणि विद्यार्थ्यांसाठी जीएसटीवर अधूनमधून ऑनलाइन सत्रे घेते. सत्र संपल्यावर मला जे मेसेज येतात त्यांतील बहुतेकांचा निर्णय मी घेत नाही. आमच्याकडे आर्टिकल घेण्याचे काम दुसरे भागीदार पाहतात, आणि मोठ्या फर्ममध्ये तर त्यासाठी वेगळा विभागच असतो. म्हणजे मला आलेला मेसेज मी वाचते आणि बरा वाटला तर पुढे पाठवते. तो दुसऱ्यांदा वाचणारा माणूस माझ्या सत्राला नव्हता, त्यामुळे «सेशन फारच माहितीपूर्ण होते» या वाक्यातून त्याला काहीच कळत नाही.

जागांचा हिशेबही थोडा वेगळा असतो. कंपनीत काम वाढले की माणूस वाढवता येतो. सीएला तसे करता येत नाही. इन्स्टिट्यूटच्या नियमांनुसार प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला किती आर्टिकल घेता येतील हे त्याच्या प्रॅक्टिसच्या वर्षांवर ठरते: सुरुवातीच्या ३ वर्षांपर्यंत एकच, आणि १० वर्षे उलटल्यावर जास्तीत जास्त १०. फर्मची एकूण क्षमता या हिशेबातून ठरते. त्यामुळे जागा बहुधा कोणाची तरी आर्टिकलशिप संपते तेव्हाच रिकामी होते, आणि ती तारीख फर्मला आधीपासून ठाऊक असते. म्हणून «व्हेकन्सी आहे का?» या प्रश्नाला आज «नाही» असे उत्तर मिळते, पण «मी १५ डिसेंबरपासून उपलब्ध आहे» या वाक्यावर भागीदार कॅलेंडर उघडून पाहतो. मेसेजमध्ये रुजू होण्याची तारीख नसणे ही मला दिसणारी सर्वांत सामान्य उणीव आहे.

त्या तारखेमागे पात्रतेचा प्रश्न असतो. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्याशिवाय आणि आयसीआयटीएसएस हे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय दोन वर्षांची आर्टिकलशिप सुरू होत नाही. एकच ग्रुप झालेला विद्यार्थी उत्साहाने मेसेज करतो, पण त्याला घ्यायचे ठरवले तरी त्याची नोंदणी करता येत नाही. म्हणून ग्रुप कोणत्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि प्रशिक्षण कधी संपते, एवढे स्पष्ट लिहावे. सोबत बी.कॉम. चालू असल्यास तेही लिहावे, कारण त्यासाठी फॉर्म ११२ भरून परवानगी घ्यावी लागते आणि कॉलेजच्या वेळा ऑफिसच्या वेळेत येऊन चालत नाहीत. ही गोष्ट मुलाखतीपर्यंत दडवून ठेवणारे विद्यार्थी भेटतात. त्याने कोणाचाच वेळ वाचत नाही.

आता सत्राचा उल्लेख कसा करायचा ते पाहू. वेबिनारमध्ये वक्त्याला श्रोते दिसत नाहीत. कोण आले होते याची यादी आयोजकांकडे राहते. मला दिसतात ते प्रश्नांच्या खिडकीतील मजकूर आणि क्वचित काही नावे. त्यामुळे «मी आपल्या सत्राला उपस्थित होतो» असे लिहून ओळख पटत नाही. तुम्ही प्रश्न विचारला असेल तर तो आठवून द्यावा. नसेल विचारला, तर सत्रातील एखादा मुद्दा घेऊन तुम्ही स्वतः काही करून पाहिले असल्यास ते सांगावे. नमुना म्हणून मी एक मेसेज रचला आहे. सत्र पुरवठादारांची बिले आणि जीएसटीआर-२बी यांच्या जुळवणीवर होते असे धरावे.

«नमस्कार मॅडम. शनिवारच्या सत्रात आपण म्हणालात की पुरवठादाराने जीएसटीआर-१ उशिरा भरला, तर त्याचे बिल पुढच्या महिन्याच्या २बीमध्ये दिसते. मी काकांच्या हार्डवेअर दुकानाची सप्टेंबरची खरेदी त्यांच्या परवानगीने २बीशी जुळवून पाहिली. काही बिले खरोखरच अशी पुढे सरकलेली होती. परंतु बरीचशी न जुळण्याचे कारण वेगळे निघाले. दुकानाच्या वहीत बिलाचा नुसता क्रमांक होता आणि २बीमध्ये त्याच्या मागे-पुढे मालिका व वर्ष होते. मी सप्टेंबर २०२५ च्या परीक्षेत इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झालो आहे. आयसीआयटीएसएस १० डिसेंबरला पूर्ण होईल आणि १५ डिसेंबरपासून मी पुण्यात पूर्णवेळ रुजू होऊ शकतो. आपल्या फर्ममध्ये येत्या तीन-चार महिन्यांत आर्टिकलची जागा होणार असल्यास अर्ज कोणाकडे करावा, एवढे कळवावे ही विनंती. एका पानाचा सीव्ही सोबत जोडला आहे.»

या मेसेजमध्ये स्तुतीचे एकही वाक्य नाही आणि मला त्याची उणीव जाणवत नाही. बिलांच्या क्रमांकाची गोष्ट मात्र लक्षात राहते, कारण पहिल्याच महिन्यात आर्टिकलला बसवले जाते ते याच कामावर, आणि ज्याने एकदा ते हाताने केले आहे तो «मॅडम, निम्मी बिले जुळत नाहीत» एवढेच सांगून थांबत नाही. माझे सहकारी सत्राला नसले तरी हा परिच्छेद त्यांना पुरेसा बोलका आहे. शेवटचा प्रश्नही सोपा आहे. जागा द्याल का, असे विचारले की मी अडचणीत येते. अर्ज कोणाकडे करावा, याचे उत्तर मी एका ओळीत देऊ शकते.

स्टायपेंडबद्दल पहिल्या मेसेजमध्ये विचारू नये असे माझे मत आहे, जरी तो प्रश्न गैर मुळीच नाही; किमान रक्कम इन्स्टिट्यूटने ठरवलेलीच असते आणि पुढच्या बोलण्यात ती निःसंकोच विचारावी. सत्र चालू असताना चॅटमध्ये जागेची चौकशी करणे मात्र टाळावे. तिथे एकाने विचारले की मागोमाग दहा जण विचारतात आणि विषय तिथेच बुडतो.

वेळेचेही पाहावे. सत्र झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलेला मेसेज उत्तम, परंतु तो दिवस महिन्याच्या १० किंवा ११ तारखेला अथवा २० च्या आसपास येत असेल, तर दोन दिवस थांबावे. त्या सुमारास आम्ही रिटर्नमध्ये अडकलेलो असतो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा टॅक्स ऑडिटचा, तेव्हा तर कोणालाच काही पाठवू नये. वक्त्याने शेवटच्या स्लाइडवर ईमेल दिला असेल तर तिथेच लिहावे. व्हॉट्सॲप क्रमांक कुठून तरी शोधून काढून त्यावर सीव्ही पाठवणे मला तरी आवडत नाही. उत्तर आले नाही, तर आठ-दहा दिवसांनी त्याच ईमेलखाली एकदा दोन ओळी लिहाव्यात, आणि त्यानंतर थांबावे.

उत्तर आलेच, तर ते बहुधा «ऑफिसच्या ईमेलवर पाठवा» असे असते, आणि ते टाळण्यासाठी असते असे समजू नये. तिथे नवा मजकूर रचत बसू नका. वरचाच मेसेज पाठवा, पहिल्या ओळीत कोणाच्या सांगण्यावरून लिहीत आहात ते नमूद करा आणि विषयाच्या जागी «आर्टिकलशिप: दोन्ही ग्रुप उत्तीर्ण, १५ डिसेंबरपासून उपलब्ध, पुणे» असे लिहा, म्हणजे फेब्रुवारीत जागा रिकामी झाली तरी शोधणाऱ्याला तो ईमेल सापडेल.