एक तार आणि आठ मिलिमीटर

*ग्रह फिरताना गातात, असं मध्ययुगातले लोक खरंच मानायचे का? आणि मानायचे, तर वर्गात शिकवायचे तरी काय?*

बरेचजण मानायचे. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने संगीताचे तीन प्रकार सांगितले: विश्वाचं, माणसाच्या देहमनाचं आणि वाद्यांचं. पहिल्या प्रकारासाठी त्याचा युक्तिवाद साधा होता. आकाशाचं एवढं अवाढव्य यंत्र एवढ्या वेगाने फिरतंय, ते गुपचूप कसं फिरेल? मग आपल्याला का ऐकू येत नाही? त्यावर मॅक्रोबियस या रोमन लेखकाचं उत्तर ठरलेलं: नाइलच्या धबधब्याशेजारी राहणारे जसे बहिरे होतात, तसे आपण. अ‍ॅरिस्टॉटलने हे सगळं त्यांच्या कितीतरी आधी खोडून काढलं होतं आणि १३०० च्या सुमारास पॅरिसमध्ये संगीतशास्त्रावर लिहिणाऱ्या योहानेस दे ग्रोखेओने पुन्हा स्वच्छ सांगितलं, की आकाशस्थ गोल फिरताना आवाज करत नाहीत.

पण वर्गात खरा अभ्यास चालायचा तो गुणोत्तरांचा. अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्र यांच्या पंगतीला संगीत बसलेलं होतं. सुरुवातीला पायथागोरसची गोष्ट: लोहाराच्या दुकानावरून जाताना त्याला घणांचे आवाज सुरात वाटले, त्याने घण तोलले, तर वजनं निघाली १२, ९, ८ आणि ६. बारा-सहा म्हणजे सप्तक, बारा-आठ म्हणजे षड्ज-पंचम, बारा-नऊ म्हणजे षड्ज-मध्यम, नऊ-आठ म्हणजे एक पूर्ण स्वर. गोष्ट फारच सुबक आहे, आणि साफ खोटी. घणाचा आवाज वजनाच्या प्रमाणात बदलत नाही. तीच वजनं तारांना टांगली तरी जमत नाही, कारण तार एक सप्तक वर न्यायची तर ताण दुप्पट नव्हे, चौपट लागतो. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८९ मध्ये हे छापून मांडलं. तोवर हजार वर्षं गुरुजी तीच गोष्ट सांगत होते!

तारेची लांबी मात्र खोटं बोलत नाही. म्हणून शिकवण्याचं साधन होतं मोनोकॉर्ड: लाकडी पेटीवर ताणलेली एक तार आणि खाली सरकणारी घोडी. १०२६ च्या सुमारास इटलीतल्या आरेत्सोच्या गुइदो या मठवासी संगीतशिक्षकाने गाणाऱ्या मुलांसाठी ही तार विभागायची जी रीत लिहिली, ती घरी करून बघण्यासारखी आहे. तार ८१ सेंटिमीटरची धरा. मोकळी तार म्हणजे सा. तिचे नऊ भाग करा, एक सोडा, उरले ७२: रे. त्या ७२ चे पुन्हा नऊ भाग, एक सोडा, उरले ६४: ग. आता मूळ तारेकडे परत या, तिचे चार भाग करा, एक सोडा, उरले ६०.७५: म. रे च्या ७२ चा चौथा भाग सोडला की ५४, आणि तो पंचम. नऊ आणि चार, एवढ्या दोनच भागाकारांवर सगळा डोलारा उभा राहतो. हाच गुइदो एका पत्रात लिहून गेला, की बोएथियसचं पुस्तक तत्त्वज्ञांच्या कामाचं, गायकांच्या नव्हे. मला हा माणूस आवडतो.

आता घोडी ६४ वर ठेवून गंधार छेडा आणि शेजारी सुरात लावलेला तानपुरा ठेवा. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार याच तारेवर ६४.८ ला येतो. फरक आठ मिलिमीटरचा, पण कानाला लगेच टोचतो: गुइदोचा गंधार चढा आहे. कारण गणितातच आहे. पायथागोरसच्या परंपरेत सप्तक, पंचम आणि मध्यम यांना १, २, ३, ४ एवढेच आकडे पुरतात. या चारांची बेरीज दहा, म्हणून ते पवित्र. गोड गंधाराला पाच लागतो (५:४), आणि पाचाला आत प्रवेश नाही. मग नऊ-आठची दोन पावलं टाकून गंधार गाठला की गुणोत्तर येतं ८१:६४. असले आकडे संवादी कसे म्हणायचे? म्हणून सा-ग ही जोडी शास्त्रात विसंवादी ठरली, आणि ग्रह जर गातच असतील तर तेही याच मापाने गात असणार, असं धरलं गेलं.

गायक मात्र ती जोडी गात होते, विशेषतः इंग्लंडात. १३०० च्या आसपास इव्हशॅमच्या मठातला वॉल्टर ओडिंग्टन याने हिशेब मांडला, की शुद्ध गंधार ५:४ च्या आणि कोमल गंधार ६:५ च्या अगदी जवळ आहे. आणि पुढे लिहिलं, की आकड्यांत ते बसत नसले तरी माणसाचा गळा ते अंतर अलगद सावरून घेतो.