आमची वाटचाल : REC0002.WAV पासून पुढे

कीर्तनं आणि व्याख्यानमाला ध्वनिमुद्रित करण्याचं काम मी आणि माझा धाकटा भाऊ करतो. सुरुवातीला आमचं सगळं लक्ष माईक आणि आवाजावर असायचं. घरी आल्यावर फाइली कॉम्प्युटरवर टाकल्या, कार्ड फॉरमॅट केलं की काम संपलं, असं आम्ही धरून चालायचो.

एका तीन दिवसांच्या कीर्तन महोत्सवानं ते मोडलं. आमचा रेकॉर्डर २ जीबी झाले की फाइल तोडतो आणि नवी सुरू करतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी. त्यामुळे तीन तासांच्या कीर्तनात पहिले दोन तास `REC0001.WAV` मध्ये आणि आख्यानाचा रंगलेला उत्तरार्ध `REC0002.WAV` मध्ये जातो. कार्ड फॉरमॅट केलं की आकडे पुन्हा एकपासून. दुसऱ्या रात्री त्याच फोल्डरमध्ये फाइली टाकताना कॉम्प्युटरनं विचारलं, जुन्या बदलू का? दमलेल्या हातानं मी हो म्हटलं. पहिल्या दिवशीच्या बुवांचं कीर्तन तिथेच पुसलं गेलं. आयोजकांना फोन करून ते सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

त्याच आठवड्यात नावं ठरली :

```
2024-12-14_miraj_kirtan_d1_b02_REC0002.wav
```

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे नावानं लावलं की तारखेनंही लागतं. d1 म्हणजे पहिला दिवस, b02 म्हणजे दुसरा भाग. शेवटी रेकॉर्डरनं दिलेलं नाव तसंच ठेवतो, म्हणजे शंका आली तर फाइलचा माग लागतो. नाव देऊन दोन डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही.

मग १ टीबीची डिस्क भरत आली. कट-पेस्ट आम्ही करत नाही. केबल सैल झाली तर कुठली फाइल पूर्ण गेली आणि कुठली अर्धवट, ते कळत नाही. जुन्या वर्षाच्या फोल्डरमध्ये आधी प्रत्येक फाइलच्या ठशाची, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याची, यादी करतो :

```
sha256sum *.wav > yadi.sha256
```

यादीसकट फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी करायचं, डिस्क काढून पुन्हा जोडायची, आणि तिथे ठसे पुन्हा काढून यादीशी ताडायचे :

```
sha256sum -c yadi.sha256
```

प्रत्येक नावापुढे OK आलं तरच पुढे. एकदा एका व्याख्यानापुढे FAILED आलं. फाइलचा आकार अगदी जुळत होता, नुसत्या नजरेनं कधीच कळलं नसतं. केबल बदलून ती फाइल पुन्हा कॉपी केली. मूळ फाइल मुळातच बिघडलेली असेल तर मात्र ही तपासणी काही बोलत नाही. म्हणून भाऊ प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मिनिटभर ऐकतो.

जुन्या फाइलींचीही दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर झाली, तपासली गेली, की मगच भरलेल्या डिस्कवरून त्या काढतो. ती दुसरी डिस्क बहिणीच्या घरी, कपाटात असते. ती आपोआप सिंक होत नाही, मुद्दामच. इथे चुकून पुसलं तर सिंक तिथलंही पुसेल.